महामार्गालगतचे तीस गुंठे

रुंदीकरणात शेताचा पुढचा तुकडा गेला, मोबदल्याचा धनादेश आला, आणि कालपर्यंत बांधाआड असलेली जमीन एकदम रस्त्याच्या तोंडाशी आली. पुणे–सोलापूर, धुळे–सोलापूर, नाशिक–पुणे, कुठल्याही मोठ्या रस्त्यालगतच्या गावात असे जमीनमालक भेटतात. समोरून रात्रंदिवस गाड्यांचा लोंढा चाललेला असतो आणि तो बघून पहिला विचार येतो तो चहाच्या टपरीचा. चार पत्रे, एक शेगडी, दोन बाकडी. घरातला रिकामा पोरगा बसेल, बाकी काय लागते?

लागते ते एवढेच की गाडी थांबली पाहिजे. समोरून जाणारी गाडी हे गिऱ्हाईक नव्हे. ताशी 80 किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात 22 मीटर जाते. तुमच्या जमिनीची रस्त्याकडची बाजू 60 मीटर असेल, तर ती मोटार तुमच्या मालकीच्या हद्दीसमोर तीन सेकंददेखील नसते. भरलेला ट्रक ताशी 60 ने चालला तरी त्याला चार सेकंद पुरतात. एवढ्या वेळात चालकाने पाटी पाहायची, ठरवायचे, मागची गाडी बघायची आणि वेग उतरवायचा, हे होत नाही. आणि भरलेल्या ट्रकाचा चालक एकदा लागलेला वेग सहजासहजी मोडत नाही. पुन्हा तो वेग पकडायला डिझेल जळते आणि गिअरची उलटी उजळणी करावी लागते. म्हणून अशा जमिनीवर काय चालेल हे चहाच्या चवीआधी एका गोष्टीवर ठरते: चाक रस्त्यावरून कसे उतरणार, आत कुठे फिरणार आणि परत रस्त्याला कसे लागणार.

दुभाजक असलेल्या रस्त्यावर निम्मी वाहतूक तुमची नाहीच, हे आधी स्वीकारावे. पलीकडच्या बाजूने जाणारा चहासाठी पुढच्या वळणावरून फिरून येत नाही. जो येतो तो दुभाजक फोडून केलेल्या फटीतून येतो, आणि त्या फटीत अपघात होतात. तेव्हा वाहने मोजायची तर आपल्या बाजूची, आणि तीही दिवसा वेगळी, रात्री वेगळी. बहुतेक मालक दुपारी मोजतात, तेव्हा मोटारी जास्त दिसतात आणि मनात ‘फॅमिली रेस्टॉरंट’ उभे राहते. रात्री दहानंतर मोजले तर त्याच रस्त्यावर ट्रक, टँकर आणि कंटेनर जास्त दिसतात.

मोजण्याहून चांगला पुरावा रस्त्याच्या कडेलाच असतो. जमिनीच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन किलोमीटर साइडपट्टीने चालत जावे. जिथे डांबराच्या कडेला तेलाचे काळे डाग आहेत, माती चाकांनी दबून चकचकीत झाली आहे, चाकाखाली लावलेले दगड तसेच पडले आहेत, रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांचा खच आहे, तिथे ट्रक आताच थांबत आहेत. ते का थांबतात, हे त्यांनाच विचारावे. घाट उतरल्यावर ब्रेक गरम झालेले असतात, म्हणून चालक खाली उतरून टायर ठोकून बघतो. शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून शहराच्या अलीकडे वेळ काढायला गाड्या उभ्या राहतात. जवळ साखर कारखाना किंवा गोदाम असेल, तर माल उतरवण्याचा नंबर लागेपर्यंत ट्रक ताटकळत असतो. कारण कळले की धंद्याची वेळही कळते. असे कुठलेही कारण नसेल, रस्ता सरळसोट असेल आणि चार किलोमीटरवर मोठा पेट्रोल पंप नि हॉटेल असेल, तर त्या जमिनीत ऊसच ठेवलेला बरा.

हा लेख ज्यांच्या जमिनीसमोर ट्रक आधीच थांबतात त्यांच्यासाठी आहे. मोटारीतल्या प्रवाशांसाठीचे मोठे हॉटेल हा वेगळा व्यवसाय. त्याला भांडवल मोठे, आचारी हातचा आणि सुट्टीच्या दिवसांचा भरवसा लागतो. तीस गुंठ्यांवर, घरच्या माणसांच्या बळावर करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे ट्रकसाठी सुरक्षित वाहनतळ आणि त्याच्या कुशीत चहा-नाश्ता, न्हाणीघर, पंक्चरवाला.

एक उदाहरण घेऊ. काळ्या मातीच्या पट्ट्यातली, पुणे–सोलापूर रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गाला लागून असलेली जमीन. रस्त्याकडची बाजू 60 मीटर, खोली 50 मीटर. म्हणजे 3,000 चौरस मीटर, जवळपास 30 गुंठे. महामार्गाची संपादित रुंदी 60 मीटर धरू, म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेपासून 30 मीटरवर तुमची हद्द सुरू होते.

पहिले काम मोजणीचे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि दगड रोवून घ्यावेत. डांबर संपले की आपली जमीन, असा समज गावोगाव आहे. प्रत्यक्षात डांबर, साइडपट्टी, चर आणि त्यापुढची बरीच मोकळी माती महामार्गाची असते. ‘माझ्या शेतासमोर’ म्हणून टाकलेल्या बहुतेक टपऱ्या या सरकारी पट्टीत असतात. राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार 2002 च्या नियंत्रण कायद्याने महामार्ग प्रशासनाला दिला आहे, आणि अशी टपरी हटवताना भरपाई मिळत नाही.

आपल्या हद्दीत आलो तरी सगळी जमीन बांधकामाला मोकळी नसते. राष्ट्रीय महामार्गाला शहराबाहेर साधारणपणे मध्यरेषेपासून 40 मीटरवर इमारत रेषा आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा असते. पहिल्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही. दोन रेषांच्या मध्ये करायचे तर महामार्ग प्रशासनाची संमती हवी. आता आपल्या उदाहरणात हे मांडून पाहा. हद्द 30 मीटरवर सुरू होते, म्हणजे जमिनीचा पुढचा 10 मीटरचा पट्टा बांधकामाला बंद. त्यानंतरचे 35 मीटर संमतीच्या कक्षेत. कोणाला न विचारता बांधता येईल असा मागचा पट्टा उरतो फक्त 5 मीटरचा, आणि तिथेही गावच्या नियोजनाचे नियम आहेतच. ज्या जागी टपरी टाकावी असे प्रत्येकाला वाटते, रस्त्याला खेटून, नेमकी तीच जागा वर्ज्य आहे. यात वाईट वाटण्यासारखे फार नाही, कारण ट्रकच्या धंद्याला पुढे मोकळी जागाच लागते.

त्याहून महत्त्वाची परवानगी प्रवेशाची. महामार्गाला लागून जमीन आहे म्हणून महामार्गावर फाटक उघडण्याचा हक्क मिळत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारख्या प्रवेश-नियंत्रित रस्त्यांना तर लगतच्या खासगी जमिनीतून थेट रस्ता मिळतच नाही. तिथे कुंपणापलीकडे कितीही वाहतूक असली तरी ती तुमच्यासाठी चित्रातल्यासारखी. इतर राष्ट्रीय महामार्गांवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 26 जून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अर्ज करावा लागतो. तो आता ‘राजमार्ग प्रवेश’ या ऑनलाइन प्रणालीवर होतो. अर्जासोबत नकाशा लागतो आणि त्यात गाडी कुठून उतरेल, कुठून चढेल, पाणी कुठे जाईल हे दाखवावे लागते. चौक, उड्डाणपूल, टोलनाका, वळण यांच्या फार जवळ प्रवेश मिळत नाही. समोर सर्व्हिस रोड असेल तर काम बरेच सोपे होते. पण सर्व्हिस रोडही महामार्गाचाच भाग आहे, त्यावर उघडायच्या फाटकालाही परवानगी लागते.

या टप्प्यावर लोक चूक करतात ती क्रमाची. आधी जागा भरून घेतात, शेड उभारतात, बोअर मारतात आणि शेवटी प्रवेशाच्या परवानगीला जातात. प्रवेश नाकारला गेला तर बाकी सगळे फुकट. म्हणून मोजणीनंतर लगेच रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा प्रकल्प संचालक, सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग किंवा राज्य मार्ग असेल तर खात्याचा स्थानिक कार्यकारी अभियंता, यांपैकी एक जण. त्याच्याकडे तोंडी चौकशी करताना आणखी एक प्रश्न विचारून घ्यावा: या टप्प्यात पुढे सहापदरीकरण, भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल प्रस्तावित आहे का? जिथे अपघात जास्त होतात तिथे पूल बांधायचे काम सतत चालू असते. तुमच्या जमिनीसमोर मातीचा भराव आणि काँक्रीटची भिंत उभी राहिली, की वरून जाणाऱ्याला तुमचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाल्यावर जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना वाहतूक सरकणे म्हणजे काय ते कळले. आपल्यावर ती वेळ येणार असेल तर निदान आधी माहीत असावी.

जमीन शेतीची असेल तर अकृषिक वापराची बाब तहसील कार्यालयात विचारावी लागते. अलीकडे हे नियम बदलत आहेत, म्हणून दहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने काय केले त्यावर जाऊ नये. ग्रामपंचायतीचा दाखला, दुकानाची सूचना आणि अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी ही कामे तुलनेने किरकोळ आहेत. छोट्या चहावाल्याला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. तिचा क्रमांक दर्शनी भागी लावावा. एका बाबतीत मात्र फार लोक गोत्यात येतात. ती म्हणजे वीज. शेतीपंपाच्या जोडणीवरून टपरीचा दिवा आणि फ्रिज चालवणे हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीपंपाला वीज ठरावीक तासांचीच मिळते. ज्या धंद्याचा जीव रात्रीच्या उजेडात आहे, त्याने व्यापारी जोडणी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

आता आतली मांडणी. आपल्याकडचा मोठा दोन-तीन आसांचा ट्रक 12 मीटरपर्यंत लांब आणि 2.6 मीटरपर्यंत रुंद असतो. ट्रेलर याहून बराच लांब. दारे उघडायला आणि माणूस फिरायला जागा धरून एका ट्रकला 14 बाय 3.5 मीटरची चौकट द्यावी. ट्रक काटकोनात उभे केले तर कागदावर जास्त मावतात, पण प्रत्येकाला मागे घेऊन निघावे लागते. रात्री दोन वाजता, क्लीनर झोपलेला, मागे कोणी अंथरूण टाकून पडलेला, आणि चालक ट्रक मागे घेतो आहे, हे चित्र टाळायचे. म्हणून ट्रक तिरके, 45 अंशांत उभे करावेत आणि एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ पुढे निघतील अशी रचना करावी.

ती अशी बसते. पुढचा 10 मीटरचा पट्टा मोकळा, त्यात झुडपे फार तर गुडघ्याएवढी. त्यानंतर 9 मीटर रुंदीची आत येण्याची वाट. मग तिरक्या ट्रकची रांग, तिची खोली साधारण साडेबारा मीटर. तिच्यामागे पुन्हा 9 मीटरची निघण्याची वाट. इथवर साडेचाळीस मीटर झाले. मागे उरतात साडेनऊ मीटर. त्यात न्हाणीघरे, शौचालये, पाण्याची टाकी आणि पंक्चरवाल्याचा गाळा. तिरक्या रांगेत प्रत्येक ट्रक रस्त्याला समांतर सुमारे पाच मीटर अडवतो. कोपऱ्यांत फिरायला जागा सोडली आणि चहाच्या शेडसाठी एक टोक राखले, की या जमिनीत आठ ट्रक नीट राहतात. दहा मावतील, पण मग एकही नीट निघणार नाही. पहिल्या महिन्यात गर्दी बघून मालकाला वाटते, अजून दोन घालू. तिथूनच वाट तुंबू लागते, पहाटे निघणाऱ्याला तीन जणांना उठवावे लागते, आणि तो चालक पुन्हा येत नाही.

चहाची शेड कुठे असावी, यावर थोडे थांबायला हवे. साधी बुद्धी सांगते, आत येण्याच्या फाटकापाशी. पण गाडी डावीकडून आत यायची आहे आणि चालकाला दिवे दिसल्यावर वेग उतरवायला वेळ हवा. शेड फाटकापाशीच असेल, तर ती नीट दिसेपर्यंत फाटक मागे पडलेले असते. म्हणून प्रवेश जमिनीच्या अलीकडच्या टोकाला ठेवावा आणि शेड पलीकडच्या टोकाला, इमारत रेषेच्या मागे, संमती घेऊन. चालकाला आधी उजेडातली शेड दिसते, मग तो आधीचे फाटक शोधतो. उभे ट्रक शेडला झाकणार नाहीत, याचीही काळजी यातच घेतली जाते. पाटी मात्र एक किलोमीटर आणि मग 500 मीटर आधी हवी. महामार्गाच्या हद्दीत खासगी पाटी लावता येत नाही, तेव्हा अलीकडच्या शेतकऱ्याच्या रानात वर्षाच्या भाड्याने, स्थानिक परवानगी घेऊन उभी करावी. समोर सर्व्हिस रोड असेल तर पाटी त्याच्या तोंडाच्या आधी पाहिजे. तोंड चुकले की गिऱ्हाईक गेले. पाटीवर ‘ट्रक पार्किंग, अंघोळ, चहा’ एवढे पुरे, आणि ते हिंदीतही असावे, कारण अर्धे चालक परप्रांतातले असतात. मालकाच्या मुलाचे नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत आणि ‘पार्किंग’ बारीक, असे प्रकार दिसतात खरे.

सगळ्यात जास्त पैसा जातो जमिनीत, अक्षरशः. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भरलेल्या ट्रकच्या चार चाकांच्या एका आसावर 2018 च्या सुधारणेनंतर साडेअकरा टनांपर्यंत भार कायदेशीर आहे. नुसता मुरूम अंथरला तर पहिल्या मोठ्या पावसात चाके रुततात, मुरूम चिखलात मिसळतो, आणि क्रेन बोलवावी लागते. क्रेनचे भाडे कोणी द्यायचे, यावरून मग भांडण. वरची काळी माती किमान फूट-दीड फूट काढून टाकायची. खाली दगडांचे सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलरची दबाई, आणि वाटांवर खडी. वापरातले क्षेत्र 2,000 चौरस मीटर आणि भराव सरासरी 30 सेंटिमीटर धरला, तर 600 घनमीटर होतात. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणून हिशेब 212 ब्रासांचा. दबाईत माल बसतो, तेव्हा सुमारे 260 ब्रास मागवावे लागतील. दगड आणि मुरूम घेताना स्वामित्वधन भरल्याची पावती प्रत्येक खेपेची ठेवावी. चोरटा मुरूम स्वस्त मिळतो, पण तहसीलदाराच्या दंडात तो सगळ्यात महाग पडतो.

उतार महामार्गाकडे देऊ नये. तुमचे पाणी रस्त्यावर गेले तर परवानगीच्या अटी मोडतात. प्रवेशाखाली महामार्गाचा चर येतो, तो बुजवायचा नाही. त्यात सांगितलेल्या मापाचा पाइप टाकून वर भराव करायचा. चर बुजला की पाणी अलीकडच्या शेजाऱ्याच्या रानात तुंबते, आणि त्याच्याकडूनच तक्रार जाते.

पाण्याचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात. चालकाला चहा कुठेही मिळतो. अंघोळ, मोकळे होण्याची स्वच्छ जागा आणि निर्धास्त झोप मिळत नाही. कायद्यानेही सलग पाच तास गाडी चालवल्यावर अर्धा तास विसावा द्यायला सांगितले आहे, फक्त तो घ्यायचा कुठे हे सांगितलेले नाही. दिवसाला 40 अंघोळी, प्रत्येकी 25 लिटर धरल्या तर एक हजार लिटर झाले. शौचालये, भांडी, फरशी आणि पिण्याचे मिळून तीन हजार लिटरची सोय ठेवावी. बोअर मे महिन्यात टिकतो का, हे गावात विचारावे. नाहीतर टँकरचा खर्च हिशेबात धरावा. आणखी एक बारीक गोष्ट: काळ्या चिकण मातीत शोषखड्डा नीट शोषत नाही. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो आणि शौचालये वापरात राहत नाहीत. म्हणून मलटाकी मोठी बांधावी, सांडपाण्यासाठी लांब चर काढून त्यात खडी भरावी आणि हे सगळे बोअरपासून 15 मीटर तरी दूर असावे. बायकांसाठी वेगळे, आतून कडी लागणारे, दिवा असलेले शौचालय एक तरी हवेच. ते असले की मोटारवालेही थांबू लागतात.

पैशाचे गणित उदाहरणापुरते मांडतो, दर आपापल्या भागाचे घालावेत. रात्रीच्या पार्किंगचे ट्रकमागे 100 रुपये धरले आणि आठही जागा रोज भरल्या, तर महिन्याला 24 हजार होतात. रात्रीचा राखणदार, झाडलोट आणि दिव्यांचे बिल यात तेवढे पैसे जवळपास संपतात. म्हणजे पार्किंग स्वतःचा खर्च भागवते, नफा देत नाही. तरीही ते लागते, कारण त्याच्यामुळे माणसे दोन-चार तास जागेवर राहतात.

नफा चहाचा. एक लिटर म्हशीचे दूध आणि पाऊण लिटर पाणी यांत उकळून-आटून सुमारे 20 कप होतात, कप 80 मिलिलिटरचा. दूध 60 ते 65 रुपये, चहापत्ती 12, साखर 6, आले-वेलची 5, गॅस 8, कागदी कप 12. एकूण 105 च्या आसपास, म्हणजे कपामागे सव्वापाच रुपये. 12 रुपयांना विकला तर पावणेसात रुपये सुटतात. दिवसाला 250 कप गेले तर सुमारे 1,700 रुपये, महिन्याला पन्नास हजार. त्यातून दोन पाळ्यांच्या दोन माणसांचा पगार वजा करावा लागतो. चोवीस तासांचा धंदा एकट्या पोराच्या भरवशावर चालत नाही, तो महिनाभरात झोपतो. पगार तीस हजार धरला तर वीस हजार हाती राहतात. अंघोळीचे 20 रुपये, पंक्चरवाल्याचे भाडे आणि भजी-पोह्यांची कमाई त्यात मिळवा. भरावाचा, शेडचा आणि बोअरचा खर्च फिटायला काही वर्षे लागतील, हे स्पष्ट दिसते. जेवणाचा ढाबा यात मी धरलेला नाही. तो आचाऱ्यावर अवलंबून असतो, आणि आचारी एके दिवशी शेजारच्या ढाब्यावर दिसतो.

या गणितात 250 चा आकडा सगळ्यात कच्चा आहे. तो तपासायचा स्वस्त मार्ग म्हणजे परवानगीच्या कामांसोबतच, आपल्या हद्दीत आणि मागच्या मोकळ्या भागात, चहाची गाडी दोन महिने लावून पाहणे. गाडी सहज आत येऊन बाहेर पडू शकेल अशी वाट आधीपासून असेल तरच हे करावे. साइडपट्टीवर ट्रक थांबवून चहा विकणे म्हणजे मागून येणाऱ्याला उभ्या ट्रकवर आदळायला बोलावणे. रात्री असे अपघात होतातही. दोन महिन्यांत रात्रीचे कप दिवसाच्या कपांपेक्षा जास्त निघाले तर पार्किंगला अर्थ आहे. उलटे झाले तर ट्रकपेक्षा मोटारींचा विचार करावा.

पैसे घेऊन गाडी उभी केली की जबाबदारीचा प्रश्न येतो. डिझेल चोरणे, स्टेपनी उतरवणे, ताडपत्री फाडून माल काढणे हे प्रकार नवे नाहीत. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली म्हणजे सुटलो, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितले की, हॉटेलने किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली असेल, तर अशा सूचनेआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येत नाही. तेव्हा किल्ली कधीच हातात घेऊ नये. पावतीवर ट्रकचा क्रमांक आणि वेळ लिहावी, दोन्ही फाटकांवर क्रमांक वाचता येईल असा कॅमेरा असावा, आणि रात्री फेरी मारणारा जागा माणूस असावा. उंच खांबावरचे दोन दिवे चार कुत्र्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. कुत्रे तरी असू द्यावेत.

दारूचा मोह आवरावा. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 डिसेंबर 2016 च्या निकालानंतर महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी आली. पुढे 20 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर झाले. चोरून विकणारा एक दिवस पकडला जातो आणि सोबत जमिनीचा मालकही अडकतो. गुटख्याचेही तेच, महाराष्ट्रात 2012 पासून तो बंद आहे.

स्वतः चालवायचे नसेल तर जागा चालवायला देण्याचा रस्ता आहे. केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये ‘हमसफर’ धोरण आणले. त्यात महामार्गालगतचे ढाबे, पंप आणि थांबे यांना स्वच्छतागृहे, पार्किंग वगैरे निकष पाळून नोंदणी करता येते. चालवणारा अनुभवी असेल तर ही नोंदणी त्याने करावी, असे करारात घालावे. करार तोंडी नको. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ठरावीक भाडे अधिक विक्रीतला वाटा असे ठरले, तर विक्री मोजायची पद्धतही लिहावी. नाहीतर दर महिन्याला ‘या वेळी मंदी होती’ ऐकावे लागते. प्रवेशाची परवानगी कोणाच्या नावावर आहे, तिचे नूतनीकरण कोण करणार, महामार्गाने फाटक बंद केले तर भाडे कधीपासून थांबणार, आणि करार संपल्यावर शेड कोणाची व भरलेला मुरूम कोणाचा, हे चार मुद्दे सही करण्याआधी कागदावर आलेले असावेत. मुरुमाचा मुद्दा हास्यास्पद वाटतो. पण भाडेकरू जाताना जेसीबी आणून दोनशे ब्रास उचलायला निघाला, की तोही गंभीर होतो.